सापळ्यांच्या नोंदींचा आलेख काढण्याआधी ‘रात्री’ मोजा

2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातल्या पऱ्हाटीचं जे केलं, ते आमच्या राळेगाव तालुक्यात कोणी विसरलेलं नाही. तेव्हापासून कामगंध सापळे वावरात दिसू लागले. आमच्या गटात सहा वावरं आहेत. प्रत्येक हेक्टराला पाच सापळे लावलेत आणि पोरं दर सोमवारी व गुरुवारी जाऊन बोंडअळीचे पतंग मोजतात, सापळा रिकामा करतात आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये आकडे भरतात. ते अ‍ॅप शेवटी एक सीएसव्ही फाइल देतं. ती तशीच उघडून आलेख काढला तर तो नुसता वाकडा येत नाही, चक्क उलटं सांगतो. आमच्या बाबतीत तसंच झालं. पतंग हळूहळू वाढत होते आणि आलेखात ते कमी झालेले दिसत होते.

ती फाइल आलेखाजोगी कशी करायची, ते इथे क्रमानं लिहिते आहे. मी गूगल शीट्स वापरते, कारण गटातल्या सगळ्यांच्या फोनवर ते उघडतं. एक्सेलवाल्यांसाठी आधीच एक गोष्ट सांगते. सीएसव्हीवर दोनदा क्लिक करून ती उघडली तर मराठी अक्षरांच्या जागी बऱ्याचदा विचित्र चिन्हं येतात. फाइल खराब झालेली नसते. `Data > From Text/CSV` नं ती आत घ्या आणि तिथे `65001: Unicode (UTF-8)` निवडा, अक्षरं नीट येतील.

आत घेतानाच सावध

शीट्समध्ये `File > Import` केलं की एक खूण विचारली जाते: `Convert text to numbers, dates, and formulas`. ती काढून टाका. नवीन माणसाला हे उलटं वाटतं, कारण तारखा आपोआप तारखा झालेल्या बऱ्या, असं वाटतं. पण आमच्या अ‍ॅपची तारीख आधी दिवस, मग महिना अशी येते. शीटची सेटिंग अमेरिकेची असेल तर 12/09/2024, म्हणजे 12 सप्टेंबर, ही 9 डिसेंबर होऊन बसते. 22/08/2024 ची तारीख होऊच शकत नाही, कारण बावीसावा महिना नसतो, म्हणून ती मजकूर म्हणून तशीच राहते. एकाच स्तंभात काही तारखा उजव्या कडेला आणि काही डाव्या कडेला चिकटलेल्या दिसल्या, तर हेच झालं आहे असं समजा. उजवीकडच्यांना शीटनं तारीख मानलेलं असतं, आणि त्यांतल्याच चुकीच्या असतात. डावीकडच्या निदान खोटं बोलत नाहीत.

खूण काढून आत घेतल्यावर सगळा मजकूर येतो. त्या पानाला ‘कच्चा’ नाव द्या आणि पुन्हा त्याला हात लावू नका. त्याची एक नक्कल करून तिला ‘काम’ म्हणा. दुरुस्त्या फक्त नकलेत करायच्या. आमच्या ‘काम’ पानावर A मध्ये नोंद पाठवल्याची वेळ, B मध्ये भेटीची तारीख, C मध्ये वावर, D ते H मध्ये पाच सापळे आणि I मध्ये शेरा आहे.

A स्तंभ आलेखासाठी वापरू नका. वावरात रेंज नसते, पोरं गावात आली की नोंद जाते, कधी दोन दिवसांनी जाते. पतंग कोणत्या दिवशी मोजले ते B सांगतो.

नावं आणि आकडे

एकाच वावराची नावं आमच्याकडे चार प्रकारे लिहिलेली होती: ‘खैरी-1’, ‘खैरी 1’, ‘खैरी-१’ आणि इंग्रजीत एक. माणसाला ते एकच वावर दिसतं, शीटला चार दिसतात. एकेक शोधत बसण्यापेक्षा ‘नावं’ असं एक पान उघडा आणि A1 मध्ये हे लिहा:

```
=UNIQUE(ARRAYFORMULA(TRIM('काम'!C2:C121)))
```

जेवढ्या प्रकारे नाव लिहिलं गेलं तेवढे सगळे प्रकार एकाखाली एक येतील. आमच्या 120 भेटी होत्या म्हणून 121 पर्यंत, तुमच्या असतील तेवढ्या घ्या. आता ती यादी कॉपी करून तिथल्या तिथे `Ctrl+Shift+V` नं नुसत्या मजकुरासारखी चिकटवा, नाहीतर पुढे नवी नोंद आली की यादी सरकते आणि शेजारी लिहिलेलं जागेवरून हलतं. मग B स्तंभात प्रत्येकासमोर एकच ठरलेलं नाव लिहा.

आकड्यांत दोन अडचणी येतात. ज्यांचा कीबोर्ड मराठी आहे ती पोरं ‘८’ लिहितात आणि शीट त्याला आकडा मानत नाही. ‘काम’ पानावर `Ctrl+H` उघडून ० ते ९ दहाही अंक एकेक करून बदला, पाच मिनिटांचं काम आहे. पण तो बदल फक्त D ते H या सापळ्यांच्या स्तंभांपुरता ठेवा, वावरांची नावं आपण वेगळी सांभाळली आहेत.

दुसरी अडचण रिकाम्या खान्याची. ती जास्त महत्त्वाची आहे. 22 ऑगस्टला खैरी-1 मधल्या चौथ्या सापळ्याचा खाना रिकामा होता. मी पोराला फोन केला. तो म्हणाला, “ताई, सापळाच पडून होता नं, मंग काय लिहाव? म्हणून नाई लिवलं.” त्यानं अगदी बरोबर केलं होतं. शून्य म्हणजे सापळा उभा होता, तपासला, पतंग नव्हता. रिकामं म्हणजे माहीतच नाही. त्या दिवशी बाकी चार सापळ्यांत 8, 11, 9 आणि 8 असे 36 पतंग होते, आधीच्या भेटीपासून तीन रात्री झाल्या होत्या. चार सापळे, तीन रात्री, म्हणजे बारा. 36 भागिले 12, दर सापळ्याला दर रात्री 3. रिकाम्या जागी शून्य भरलं असतं तर 36 भागिले 15 म्हणजे 2.4 आलं असतं. वाऱ्यानं सापळा पाडला आणि कागदावर बोंडअळी कमी झाली. म्हणून रिकाम्या खान्यात कधीही शून्य भरू नका. काही पोरं तिथे ‘-’ किंवा ‘नाही’ लिहितात. त्यांना विचारून ठरवा: सापळा नव्हता तर खाना रिकामा करा, पतंग नव्हता तर 0 लिहा.

आता ‘स्वच्छ’ नावाचं पान करा. पहिल्या ओळीत मथळे लिहा: तारीख, वावर, रात्री, आणि पुढे सापळा 1 ते सापळा 5. दुसऱ्या ओळीत A, B आणि D मध्ये अनुक्रमे ही तीन सूत्रं लिहून खाली ओढा. तिसरं उजवीकडे H पर्यंतही ओढा.

```
=DATE(RIGHT('काम'!B2,4),MID('काम'!B2,4,2),LEFT('काम'!B2,2))
=VLOOKUP(TRIM('काम'!C2),'नावं'!A:B,2,FALSE)
=IF(TRIM('काम'!D2)="",,VALUE('काम'!D2))
```

तारखेचं सूत्र दिवस आणि महिना दोन-दोन अंकी असतील तरच चालतं, 5/8/2024 अशी तारीख असेल तर ती आधी ‘काम’ मध्ये 05/08/2024 करून घ्या. `#N/A` दिसलं तर ते नाव ‘नावं’ पानावर नाही. `#VALUE!` दिसलं तर खान्यात आकड्याशिवाय काहीतरी उरलं आहे. या चुका `IFERROR` लावून झाकू नका, त्या मुळाशी जाऊनच काढायच्या असतात.

सगळ्या चुका गेल्या की पूर्ण पान कॉपी करून `Ctrl+Shift+V` करा, म्हणजे सूत्रं जाऊन निव्वळ आकडे राहतील. मग मथळा सोडून बाकीचं आधी वावरानं आणि मग तारखेनं चढत्या क्रमात लावा.

रात्रींचा स्तंभ

आमची खरी चूक इथे होती. पतंग रात्री उडतात आणि सापळा एका भेटीपासून दुसऱ्या भेटीपर्यंत पतंग गोळा करत राहतो. गुरुवारचा आकडा तीन रात्रींचा असतो, सोमवारचा चार रात्रींचा. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, आधी त्यांना रात्रींनी भागावं लागतं. म्हणून C3 मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=IF(B3=B2,A3-A2,)
```

प्रत्येक वावराची पहिली ओळ रिकामी राहील, कारण तिच्या आधी भेट नाही. तिथे सापळे लावल्यापासूनच्या रात्री हातानं भरा. C2 मध्येही हातानंच भरावं लागेल.

मग हा स्तंभ वरपासून खालपर्यंत डोळ्यांखालून घाला. नोंदींतल्या बहुतेक चुका इथेच सापडतात. 3 आणि 4 असायला हवेत. कुठे 0 दिसला तर एकाच दिवसाची नोंद दोनदा गेली आहे. रेंज नसताना पोरांनी पुन्हा बटण दाबलं की असं होतं. ‘काम’ पानावर पाठवल्याची वेळ वेगळी असल्यामुळे शीट्सचं `Remove duplicates` या ओळी पकडत नाही, कारण पूर्ण ओळ सारखी नसते. दोन्ही ओळींतले पतंग सारखे असतील तर एक काढा आणि तिच्या खालच्या ओळीत C मधलं सूत्र पुन्हा लिहा, नाहीतर तिथे `#REF!` येतं. आकडे वेगळे असतील तर स्वतः ठरवू नका, ज्यानं मोजलं त्याला विचारा. आमच्याकडे अशी एक जोडी होती आणि दुसरी नोंद भलत्याच वावराची निघाली, वावर निवडताना बोट चुकलं होतं. ती काढून टाकली असती तर एक खरी भेट गेली असती. कुठे उणे आकडा दिसला तर ओळींचा क्रम बिघडला आहे. आणि 33 किंवा 90 सारखा आकडा दिसला तर तारीख उलटली आहे.

आमच्याकडे खैरी-1 मध्ये एक 11 होता. 29 ऑगस्टच्या गुरुवारनंतर थेट 9 सप्टेंबरचा सोमवार. मधला 2 सप्टेंबरचा सोमवार पोळ्याचा होता आणि त्या आठवड्यात कोणी वावरात सापळे बघायला गेलं नाही. 9 तारखेला पाच सापळ्यांत 231 पतंग निघाले. आकडा बघून पोरगं घाबरलं आणि लगेच फवारायचं का विचारू लागलं. पाच सापळे, अकरा रात्री, म्हणजे 55. 231 भागिले 55 म्हणजे 4.2. मागच्या गुरुवारी 54 पतंग तीन रात्रींचे होते, म्हणजे 3.6. वाढ आहे, पण त्याला वाटली तशी नाही.

आडवं उभं करणं

‘स्वच्छ’ पानावर एका भेटीची एक ओळ आहे आणि सापळे आडवे पसरलेत. आलेखासाठी एका ओळीत एक सापळा हवा, म्हणजे पडलेला सापळा त्याच्या रात्रींसकट आपोआप बाजूला होतो. ‘उभा’ नावाचं पान करा, पहिल्या ओळीत तारीख, वावर, रात्री, सापळा, पतंग, आठवडा हे मथळे लिहा आणि A2 मध्ये:

```
=ARRAYFORMULA(SPLIT(FLATTEN(
'स्वच्छ'!A2:A121&"|"&'स्वच्छ'!B2:B121&"|"&
'स्वच्छ'!C2:C121&"|"&'स्वच्छ'!D1:H1&"|"&
'स्वच्छ'!D2:H121),"|",TRUE,FALSE))
```

हे सूत्र प्रत्येक ओळीतले तुकडे उभ्या रेघेनं जोडतं, सगळे एकाखाली एक लावतं आणि पुन्हा रेघेवर तोडतं. 120 भेटींच्या 600 ओळी होतात. शेवटचं `FALSE` विसरू नका, नाहीतर मधला एखादा खाना रिकामा असला की पुढचे तुकडे एक घर डावीकडे सरकतात आणि रात्रींच्या जागी सापळ्याचं नाव येतं. A स्तंभात तारखेऐवजी 45509 सारखे आकडे दिसले तर ते बरोबरच आहेत, शीट तारीख तशीच साठवतं. `Format > Number > Date` करा.

इथे एक पडताळा घ्या. `=SUM('स्वच्छ'!D2:H121)` आणि `=SUM('उभा'!E2:E601)` सारखे आले पाहिजेत. नसतील तर ओळींची मर्यादा चुकली आहे. मग वहीतली कोणतीही एक भेट काढून तिच्या पाचही ओळी ‘उभा’ मध्ये शोधून बघा.

आठवडा कोणता?

सोमवारी सकाळी मोजलेले पतंग गुरुवार ते रविवारच्या रात्रींचे असतात. म्हणजे ते मागच्या आठवड्याचे. पण तारखेवरून आठवडा काढला तर ते नव्या आठवड्यात पडतात. म्हणून एक दिवस मागे जाऊन, शेवटच्या रात्रीचा आठवडा काढायचा. F2 मध्ये:

```
=A2-WEEKDAY(A2-1,2)
```

हे सूत्र त्या आठवड्याच्या सोमवारची तारीख देतं. खाली ओढा आणि तारखेचं रूप द्या. आता 22 ऑगस्टचा गुरुवार आणि 26 ऑगस्टचा सोमवार, दोन्ही 19 ऑगस्टच्या आठवड्यात येतात आणि मिळून बरोबर सात रात्री होतात.

मी आठवड्याला क्रमांक देत नाही, सोमवारची तारीखच ठेवते, ती गावात सगळ्यांना कळते. मात्र कृषी विद्यापीठाच्या तक्त्याशी जुळवायचं असेल तर लक्षात असू द्या: तिथला हवामान आठवडा 1 जानेवारीपासून मोजतात आणि तो सोमवारीच सुरू होईल असं नसतं. 34 वा आठवडा दरवर्षी 20 ते 26 ऑगस्टचा असतो. शीट्सच्या `WEEKNUM` शी तो जुळत नाही.

आता ‘आठवडा’ पान. इथे पिव्होट टेबल वापरू नका, कारण ज्या आठवड्यात नोंदच नाही तो आठवडा पिव्होट दाखवत नाही. पोळ्याचा आठवडा गायब होतो आणि रेघ अलीकडून पलीकडे जोडली जाते, जणू काही चुकलंच नाही. A2 मध्ये पहिला सोमवार लिहा, A3 मध्ये `=A2+7` लिहून हंगाम संपेपर्यंत ओढा. G1 मध्ये वावराचं नाव लिहा. B मध्ये पतंग, C मध्ये सापळा-रात्री, म्हणजे सगळ्या सापळ्यांच्या रात्रींची बेरीज, D मध्ये दर:

```
=SUMIFS('उभा'!E:E,'उभा'!F:F,A2,'उभा'!B:B,$G$1,'उभा'!E:E,">=0",'उभा'!C:C,"<=7")
=SUMIFS('उभा'!C:C,'उभा'!F:F,A2,'उभा'!B:B,$G$1,'उभा'!E:E,">=0",'उभा'!C:C,"<=7")
=IF(C2=0,,B2/C2)
```

`">=0"` मुळे रिकामे सापळे पतंगांतूनही जातात आणि रात्रींतूनही. `"<=7"` मुळे सात रात्रींपेक्षा लांबलेली नोंद रेघेत येत नाही. ही माझी निवड आहे. अकरा रात्रींत काही पतंग मुंग्या खातात, काही पावसानं कुजतात, म्हणून तो आकडा खऱ्यापेक्षा कमीच असणार, आणि तो दोन आठवड्यांत विभागलेलाही असतो. पण मी तो फेकून देत नाही, E स्तंभात हातानं 4.2 लिहून ठेवते.

खैरी-1 चे चार आठवडे असे निघाले. 19 ऑगस्ट: 36 आणि 64, एकूण 100 पतंग, 32 सापळा-रात्री, दर 3.1. 26 ऑगस्ट: फक्त गुरुवारची भेट, 54 पतंग, 15 सापळा-रात्री, दर 3.6. 2 सप्टेंबर: रेघेत रिकामं, बाजूला 4.2. 9 सप्टेंबर: 72 आणि 104, एकूण 176 पतंग, 35 सापळा-रात्री, दर 5.0.

आम्ही पहिल्यांदा नुसत्या बेरजांचा आलेख काढला होता: 100, 54, 231, 176. त्यात पोळ्यानंतर मोठी उडी दिसत होती आणि शेवटी उतार. बैठकीत सगळे म्हणाले, “चला, ओसरली.” ओसरली नव्हती. 3.1, 3.6, 4.2, 5.0, आठवड्यागणिक वाढतच होती.

आलेख आणि त्याची हद्द

A आणि D निवडून रेषा-आलेख टाका. `Customize` मध्ये `Plot null values` ची खूण नसू द्या, म्हणजे पोळ्याच्या जागी रेघ तुटलेली दिसेल. E स्तंभ वेगळी मालिका म्हणून जोडला की 4.2 तिथे सुटा ठिपका होऊन बसतो. त्यासाठी त्या मालिकेचा `Point size` वाढवा, नाहीतर एकटा ठिपका दिसतच नाही. सहाही वावरांची सरासरी एकाच रेघेत काढू नका. ज्याच्या धुऱ्यावर मागच्या वर्षीच्या पऱ्हाटीची गंज पडून आहे त्याचं वावर वेगळं बोलतं, आणि ते सरासरीत बुडतं.

सापळ्यातलं गंधाचं आमिष, म्हणजे ल्यूर, बदलल्याची तारीखही आलेखावर लिहा, आमची पोरं ती शेऱ्यात टाकतात. ल्यूर जुनं झालं की पतंग कमी येतात आणि नवं लावलं की एकदम वाढतात. तो चढउतार ल्यूरचा असतो, वावरातल्या पतंगांचा नाही.

आणखी एक. गुलाबी बोंडअळीसाठी नुकसानीची पातळी दर सापळ्याला दर रात्री 8 पतंग, सलग तीन दिवस, अशी धरतात. ती आठवड्याच्या सरासरीवरून ठरवता येत नाही. आठवड्याचा दर 6 असला तरी त्यातल्या तीन रात्री 8 च्या वर असू शकतात. आठवड्याचा आलेख चढ किती आणि कुठे आहे ते सांगतो. खैरी-1 चा दर 5 वर गेला तेव्हा आम्ही त्या वावरात रोज सकाळी सापळे मोजायला लागलो, आणि सोबत दर फेरीला शंभर फुलं बघून त्यांत डोमकळ्या किती ते त्याच अ‍ॅपच्या शेऱ्यात लिहायला लागलो.